पानावरच्या प्रत्येक ओळीला आपला एक माणूस हवा

कप मॅचच्या आधी समोरच्या टीमबद्दल एक पान तयार करायचं काम आमच्या फुटबॉल टीममध्ये माझ्याकडे असतं. आम्ही सगळे नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे, आठवड्यातून दोनदा प्रॅक्टिस. बरीच पानं लिहून झाल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. ज्या ओळीत आपल्या टीममधल्या कुणीतरी काय करायचं हे येत नाही, ती ओळ खोडून टाकायची, मग ती कितीही खरी असो.

आधी मी लिहायचो, 'चार-चार-दोन खेळतात, मिडफिल्ड मेहनती, काउंटर वेगवान.' सगळं बरोबर असायचं. पोरं वाचायची, मान डोलवायची आणि नेहमीसारखीच खेळायची. एकदा आमच्या राइट बॅकने पान हातात धरून सरळ विचारलं, "बरं, मग मी काय करू?" त्या पानात त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

परवाच्या नॉकआउट मॅचचं उदाहरण सांगतो. त्यांची लीगची मॅच बघायला आम्ही दोघं गेलो. एक जण हाफ लाइनजवळ उभा राहिला, दुसरा गोलच्या मागे. गोलच्या मागून कोण कुणाच्या पुढे घुसतो, कीपरला कोण अडवतो हे स्वच्छ दिसतं. बाजूने बघताना सगळे एकावर एक दिसतात. वहीत तीनच रकाने आखले होते: मिनिट, त्या वेळचा स्कोअर आणि काय झालं. स्कोअर लिहायचाच. दोन गोलांनी पुढे असलेली टीम मागे बसते आणि आपण समजतो की ही त्यांची पद्धतच आहे.

त्या मॅचमध्ये डोळ्यांत भरला तो त्यांच्या लेफ्ट बॅकचा लांब थ्रो-इन. समोरच्या टीमच्या बॉक्सच्या आसपास त्यांना डावीकडून सात थ्रो मिळाले. त्यातले पाच त्याने लांब टाकले आणि पाचांपैकी चार थेट जवळच्या पोस्टसमोर. तिथे त्यांचा उंच सेंटर बॅक डोक्याने चेंडू मागे सरकवायचा आणि मागून दोघं धावत यायचे. एक गोल तसाच झाला. खूण अगदी साधी होती. चेंडू बाहेर गेला की लेफ्ट बॅक तो जर्सीला पुसायचा आणि त्याच वेळी तो सेंटर बॅक मागून चालत पुढे निघायचा. पुसला नाही तर थ्रो छोटा. त्यांचा आणखी एक जण समोरच्या कीपरच्या अगदी अंगावर उभा राहायचा. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, त्यामुळे त्याला तिथून हलवायचा नियम नाही.

हे सगळं पानावर उतरलं ते फक्त चार ओळींत. राइट बॅक: त्यांच्या डाव्या बाजूला, आपल्या शेवटच्या पंचवीस मीटरमध्ये चेंडू बाहेर काढू नकोस; काढावाच लागला तर पुढे, हाफ लाइनकडे मार. राइट विंगर: थ्रो टाकणाऱ्यासमोर दोन मीटरवर उभा राहून उडी मार (नियमाने त्याहून जवळ जाता येत नाही, पण तेवढ्यानेही थ्रो उंच टाकावा लागतो आणि चेंडू यायला जास्त वेळ लागतो). दोन सेंटर बॅक: एक त्या उंच खेळाडूच्या पुढे, एक मागे. कीपर: गर्दीत बाहेर येऊ नकोस, कुणालाही न लागता थ्रो थेट गोलमध्ये गेला तर गोल धरत नाहीत, आपल्याला गोल किक मिळते.

शेवटची ओळ वाचून आमच्या कीपरचा चेहरा मोकळा झाला. हा नियम त्याला माहीत होता, पण त्याचा स्वतःसाठी असा उपयोग त्याने कधी केला नव्हता.

गोल किकबद्दल एकच ओळ होती: त्यांचा कीपर दरवेळी आमच्या लेफ्ट बॅकच्या डोक्यावर मारतो, तर आपला सहा नंबर आधीच दहा पावलं त्या बाजूला सरकून हेडनंतर खाली पडणाऱ्या सेकंड बॉलसाठी थांबेल. मला तरी पानातली सर्वात मोलाची ओळ हीच वाटते, कारण गोल किक मॅचभर येत राहतात.

पानावर काय घ्यायचं याला माझी चाळणी आहे. गोष्ट तीनदा दिसली तर पानावर, एकदा-दोनदा दिसली तर माझ्या वहीत. एकाच मॅचवरून याहून जास्त बोलणं धाडसाचं आहे. आणि जर्सी नंबरवर भरवसा ठेवायचा नाही. हौशी टीममध्ये आज नऊ नंबर घालणारा पुढच्या रविवारी चौदा घालून येतो. आम्ही एकदा अख्खी मॅच चुकीच्या माणसाला मार्क केलं होतं. तेव्हापासून मी लिहितो, 'डावखुरा, ठेंगणा, चेंडू मिळाला की पहिला टच आतल्या बाजूला.' हे कपड्यांबरोबर बदलत नाही.

नॉकआउट असल्यामुळे पेनल्टी मारणाऱ्यांची माहिती पानाच्या एका कोपऱ्यात असतेच, पण ती मी फक्त कीपरला देतो. २००६च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या शूटआऊटला जर्मनीचा कीपर येन्स लेमान मोज्यात चिठ्ठी ठेवून उतरला होता, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याने अडवलेली शेवटची पेनल्टी काम्बियासोची होती आणि काम्बियासोचं नाव त्या चिठ्ठीत नव्हतंच. आपल्याकडे तर एखाद्याची एक-दोन पेनल्टींचीच माहिती मिळते. म्हणून मी दिशा लिहीत नाही. मारणारा धावताना थबकतो का, शेवटपर्यंत कीपरकडे बघतो का, एवढंच लिहितो. थबकणाऱ्यासमोर आपल्या कीपरने उशिरा हलायचं.

पान मॅचच्या दिवशी वाटायचं नाही, हा माझा हट्ट आहे. मॅचच्या आधीच्या शेवटच्या प्रॅक्टिसला दिलं आणि मैदानावर वीस मिनिटं ते थ्रो चालत-चालत करून बघितले. मी लेफ्ट बॅक झालो, चेंडू पुसला, आमच्यातला एक उंच पोरगा त्यांचा सेंटर बॅक झाला. तिसऱ्या वेळेला चेंडू पुसताक्षणी चौघंही न सांगता जागेवर गेले.

मॅचमध्ये पहिल्या तासात त्यांचे तीन लांब थ्रो आले, तिन्ही आम्ही साफ केले. गोल किकवरून सहा नंबरने चेंडू उचलला आणि आमचा गोल झाला. मग त्यांचा लेफ्ट बॅक पाय धरून बाहेर गेला. बदली आलेल्याला लांब थ्रो येत नव्हता. आमची पोरं मात्र तशीच जवळच्या पोस्टला उभी. त्याने छोटा थ्रो घेतला, परत चेंडू मिळाला आणि कुणीही अंगावर नसताना आरामात क्रॉस टाकला. एक-एक. मी बाहेरून ओरडत होतो, पण चूक माझ्या पानाचीच होती. लांब थ्रो कोण टाकतो ते त्यात होतं, तो नसेल तर काय करायचं ते नव्हतं. एक्स्ट्रा टाइममध्ये आम्ही कशीबशी मॅच काढली.

पुढच्या फेरीचं पान काल रात्री लिहून झालं. त्यांच्या कॉर्नरची ओळ लिहिल्यावर तिच्याखालीच आणखी एक लिहिली: 'मारणारा बदलला किंवा कॉर्नर छोटा घेतला, तर राइट विंगर आणि राइट बॅक लगेच बाहेर धावतील, बाकीचे जागा सोडणार नाहीत.'