हृदयाच्या आकृतीचे दोन गुण गेले, ते रेषेच्या टोकाशी

«मुलीने हृदयाची आकृती पुस्तकापेक्षाही सुंदर काढली, छान शेडिंग केलं, तरी प्री-बोर्डात पाचपैकी तीनच गुण! कारण काय, तर दोन नावं राहिली आणि दोन रेषा जरा इकडेतिकडे गेल्या. नावं तिला सगळी पाठ आहेत, तोंडी विचारून बघा. रेषा चार मिलिमीटर सरकली म्हणून हृदय बदलतं का? हा काय चित्रकलेचा पेपर आहे? मुलांचं मन मोडणाऱ्या अशा शिक्षकांना जाब विचारा. मेसेज पुढे पाठवा.»

उत्तरपत्रिकेच्या फोटोसह हा मेसेज सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. मी इथे दहावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, आणि रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतच्या पालकांनी तो मला पाठवून मत विचारलं. फोटो स्पष्ट आहे, मोठा करून पाहता येतो. म्हणून जे बोलायचं ते त्या कागदावर बोट ठेवूनच बोलते.

आधी चित्राचं. प्रश्नाखाली गुणविभागणी छापलेली आहे: आकृतीला 2, सहा नावांना प्रत्येकी अर्धा, म्हणजे 3. समासात आकृतीसमोर 2 पैकी 2 दिलेले दिसतात. सुंदर चित्राचं जे मोल होतं ते मुलीला पूर्ण मिळालं आहे. जे दोन गुण गेले ते चित्राचे नव्हतेच. शेडिंगबद्दल मात्र सांगायलाच हवं. जीवशास्त्राच्या आकृतीत पेन्सिल घासून सावली देत नाहीत. एकसंध, स्वच्छ कडा काढायची आणि एखादा भाग वेगळा दाखवायचाच असेल तर बारीक ठिपके द्यायचे. या आकृतीत वरच्या मोठ्या नळ्या इतक्या काळ्या झाल्या आहेत की एक नळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. पहिली चूक नेमकी तिथेच झाली.

राहिलेली दोन नावं म्हणजे फुप्फुस शिरा आणि दोन निलयांमधला पडदा. हृदयाच्या वरच्या भागाला बऱ्याच नळ्या जोडलेल्या असतात, आणि नाव नसेल तर त्यातली कुठली धमनी, कुठली शिरा हे चित्रावरून ठरत नाही. फुप्फुस शिरा विचारतात त्यामागे कारण आहे. एरवी शिरांमधून ऑक्सिजन कमी झालेलं रक्त हृदयाकडे येतं. फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरा मात्र ऑक्सिजनयुक्त रक्त आणतात. हा अपवाद विद्यार्थ्याला चित्रात ओळखता येतो का, हे त्या अर्ध्या गुणात तपासलं जातं. मुलीने ती नळी काढली आहे, डाव्या अलिंदाला बरोबर जोडलीही आहे, पण तिच्यापाशी काहीच लिहिलेलं नाही. तोंडी उत्तर तिने बरोबर दिलं असतं, हे मी मानते. पण तपासणाऱ्यासमोर मुलगी नसते, कागद असतो. आणि सहा नावं तोंडपाठ असणं वेगळं, ती सहा जागांवर बसवता येणं वेगळं. प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा होता.

आता रेषांचं. खरा मुद्दा इथेच आहे.

वहीच्या पानावर दहाएक सेंटिमीटरचं हृदय काढलं की महाधमनी आणि फुप्फुस धमनी एकमेकींना खेटूनच येतात. तिथे चार मिलिमीटर म्हणजे सरळ दुसरी नळी. या कागदावर ‘फुप्फुस धमनी’ची रेषा ज्या कमानीवर टेकली आहे, तिच्या माथ्यावरून तीन फाटे वर गेले आहेत. तीन फाट्यांची कमान म्हणजे महाधमनी. ती डाव्या निलयातून निघते आणि शरीराला रक्त पुरवते. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते, महाधमनीच्या पुढून तिरकी जाते आणि कमानीखाली दोन शाखांत फुटते, एक उजव्या फुप्फुसाकडे, एक डाव्या. मुलीने ही दोन शाखांची नळीसुद्धा काढली आहे, पण तिच्यापर्यंत एकही रेषा पोचलेली नाही. उलट, त्याच कमानीवर ‘महाधमनी’चीही रेषा आहे. एका नळीला दोन नावं मिळाली. कागद वाचणाऱ्याला यातून असा अर्थ लागतो की शरीराला जाणारं ऑक्सिजनयुक्त रक्त फुप्फुसांकडे चाललं आहे. महाधमनीचा अर्धा गुण शिक्षकाने दिला आहे आणि फुप्फुस धमनीचा कापला आहे. मीही तेच केलं असतं.

दुसरी रेषा ‘डावे निलय’ची. ती पानाच्या डाव्या हाताच्या खालच्या कप्प्यात गेली आहे. आकृतीतलं हृदय आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं असतं, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. इथे कुणी म्हणेल, दिशेचा साधा गोंधळ आहे, सोडून द्यावं. पण त्याच कप्प्याच्या वरच्या कप्प्यावर तिने ‘उजवे अलिंद’ लिहिलं आहे, आणि ते बरोबर आहे. मग या कागदाप्रमाणे उजवं अलिंद थेट डाव्या निलयात उघडतं. शिरांतून आलेलं रक्त फुप्फुसांकडे न जाताच शरीरभर फिरेल. दोन्ही बाजू एकसारख्या उलटवल्या असत्या तर निदान कारण तरी समजलं असतं.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट फोटो मोठा केल्यावर दिसते. मुलीने पानाच्या उजव्या हाताच्या निलयाची भिंत जाड काढली आहे आणि डाव्या हाताची पातळ. हे अगदी बरोबर आहे. डाव्या निलयाला साऱ्या शरीरात रक्त ढकलायचं असतं, म्हणून मोठ्या माणसात त्याची भिंत साधारण 1 सेंटिमीटर जाड असते. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पाठवायचं असतं, त्याची भिंत 3 ते 5 मिलिमीटर. हाताने डावं निलय ओळखून काढलं आणि रेषेने पातळ भिंतीच्या कप्प्याला डावं म्हटलं. याचा अर्थ आकार डोळ्याने लक्षात राहिला आहे, पण भिंत जाड का, हे अजून त्या आकाराशी जोडलं गेलेलं नाही. पुढच्या परीक्षेआधी घरी एवढंच समजावलं तरी ही चूक परत होणार नाही.

शिक्षकाकडे जाब मागायचा असेल तर एका बाबतीत मी पालकांच्या बाजूने आहे. कागदावर नुसतं ‘−2’ लिहिलं आहे. चुकलेल्या रेषेच्या टोकाभोवती गोल करायला हवा होता. प्री-बोर्ड त्यासाठीच असते. शिवाय रेषा रचनेपासून थोडी आधीच थांबली, पण त्याच दिशेने पुढे नेली तर बरोबर जागी लागते, वाटेत दुसरं काही येत नाही, अशा वेळी मी गुण देते. इथे तशी एक रेषा आहे, ‘उजवे अलिंद’ची. ती भिंतीच्या बाहेरच थांबली आहे, तरी तिचा अर्धा गुण मिळालेला आहे. म्हणजे तपासणी कठोर नव्हती.

शंका उरलीच असेल तर घरी असं करून पाहा. नावांच्या जागा कागदाच्या पट्टीने झाका आणि मुलीला फक्त रेषेची टोकं दाखवून विचारा, इथे काय आहे आणि यातलं रक्त कुठून कुठे जातं. कमानीवरच्या दोन्ही टोकांना ती ‘महाधमनी’च म्हणाली, तर कापलेला गुण बरोबर कापला होता.