पन्नास हातांतून वाढलेली मुलं

"ताई, दत्तक संस्थेतून साडेतीन वर्षांच्या मुलीचं नाव आलंय. सासूबाई म्हणतात, पहिल्या तीन वर्षांत आई मिळाली नाही तर मूल कायमचं कोरडं राहतं. तू तिकडे हेच काम करतेस. खरं आहे का? नाव राखून ठेवायला आम्हाला 48 तास आहेत."

मूल दत्तक घ्यायला निघालेल्या माझ्या बहिणीचा हा निरोप मला इंग्लंडात आला. तिच्या सासूबाईंनी हे कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलंय म्हणे. त्या लेखाचं मूळ मात्र इंग्लंडातच आहे. 1951 साली जॉन बोल्बी या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. अडीच वर्षांनंतर मिळालेलं उत्तम मातृत्वही जवळजवळ निरुपयोगी ठरतं, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्याआधी त्याने 44 चोरट्या मुलांचा अभ्यास केला होता. त्यांतली 14 मुलं त्याला भावनाशून्य वाटली, आणि त्या 14 पैकी 12 लहानपणी आईपासून दीर्घकाळ दूर राहिलेली होती. पण मुलं कोरडी आहेत हे ठरवणारा तोच आणि ताटातूट मोजणाराही तोच. शिवाय दूर राहण्याच्या काळात त्या मुलांच्या घरात काय चाललं होतं, हा प्रश्न मागेच राहिला.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. बोल्बीला संस्थांमध्ये दिसलेलं दुःख खरं होतं, आणि आज इंग्लंडात तान्ह्या मुलांना संस्थेत न ठेवता फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबात ठेवतात, त्यामागे त्याच्या कामाचा मोठा वाटा आहे. चुकला तो 'कायमचं' या शब्दात. पुढे त्याने सहकाऱ्यांबरोबर 60 मुलं तपासली. चार वर्षांची होण्याआधी ती क्षयरोगाच्या इस्पितळात महिनोन्महिने राहिली होती. शाळेत गेल्यावर त्यांच्यातली बहुतेक मुलं वर्गातल्या इतर मुलांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. आपण पूर्वी जास्त ठाम बोललो, हे त्यांनी 1956 साली छापून कबूल केलं. ती कबुली आपल्याकडच्या चर्चेत पोचलीच नाही. पहिलं वाक्य तेवढं राहिलं, आणि ते नोकरीवर जाणाऱ्या आयांना नि मोठं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना अजून ऐकवलं जातं.

ही गोष्ट शेजारच्या जोशीकाकूंना सांगितली तर त्यांचे डोळे भरून आले. इथे नोकरी लागली तेव्हा मुलाला दोन वर्षं साताऱ्याला आजीकडे ठेवलं होतं, तो आज कमी बोलतो, म्हणजे दोष माझाच ना, असं त्या विचारू लागल्या. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटरने 1972 साली हाच फरक दाखवला. जडलेलं माणूस दुरावणं एक, आणि कुणाशी नातं जडायलाच न मिळणं दुसरं. काकूंच्या मुलाला आजी होती, एकच आणि रोजची. माझ्या बहिणीने विचारलेल्या मुलीचा प्रश्न दुसऱ्या प्रकारातला आहे.

त्या प्रकाराचा सगळ्यात उपयोगी अभ्यास बार्बरा टिझार्ड आणि जिल हॉजेस या संशोधकांचा, असं माझं मत आहे. इंग्लंडातल्या बालगृहांत चार महिन्यांच्या आत आलेली 65 मुलं त्यांनी निवडली. तिथे अन्न, खेळणी, पुस्तकं, बोलणं सगळं चांगलं होतं. फक्त कुणाशी जवळीक होऊ द्यायची नाही, असं धोरण होतं. दोन वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला सरासरी 24 जणींनी सांभाळलं होतं, आणि साडेचार वर्षांपर्यंत हा आकडा 50 वर गेला. आमच्या कार्यालयातल्या एक निवृत्त सहकारी तरुणपणी अशाच बालगृहात होत्या. त्या म्हणाल्या, "एखादं मूल मलाच बिलगायला लागलं की मला दुसऱ्या खोलीत पाठवायचे. निघताना ते रडलं नाही, तर आपण नियम नीट पाळला असं समजायचो."

दोन वर्षांची झाल्यावर त्यांतली काही मुलं दत्तक गेली, काही स्वतःच्या आईकडे परतली, काही तिथेच राहिली. आठव्या वर्षी दत्तक मुलांच्या जवळजवळ सगळ्या आया म्हणाल्या, याचा आमच्यावर जीव आहे. परतलेल्या मुलांच्या आयांपैकी जेमतेम निम्म्या तसं म्हणू शकल्या. हे निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थांबले होते. रक्ताची आई परत मिळाली ती मुलं मागे का राहिली? दत्तक घेणाऱ्यांना मूल हवं होतं, आणि त्यांच्याकडे त्याच्यासाठी वेळ होता. परतलेल्या मुलांच्या घरी पैशाची ओढाताण होती, धाकटी भावंडं होती, आणि मुलाला परत घेताना मनात दुविधा होती. म्हणजे अडीच वर्षांनंतरही नातं जडतं. ते कुणाबरोबर आणि कशा घरात जडायचं आहे, यावर बरंच ठरतं.

हा अभ्यास सरळ पुरावा नाही, हेही बहिणीला सांगितलं. जास्त हसरी, लाघवी मुलं आधी दत्तक गेली असतील. काही कुटुंबं पुढे अभ्यासातून निघून गेली. आणि सोळाव्या वर्षी दत्तक गेलेल्या आणि घरी परतलेल्या दोन्ही गटांत एक अडचण उरलीच होती. घराबाहेर ही मुलं मोठ्यांचं लक्ष मिळवायला धडपडत, बरोबरीच्यांशी भांडत, आणि जिवाभावाचा मित्र त्यांना कमी वेळा असे.

1989 नंतर रोमानियातून इंग्लंडात दत्तक आलेली 165 मुलं पाहिली की मर्यादा आणखी स्पष्ट होतात. तिथल्या अनाथालयांत तर पुरेसं अन्न आणि ऊबही नव्हती. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं बहुतांशी सावरली. त्याहून उशिरा आलेल्यांपैकी अनेकांना तरुणपणीही एकाग्रतेच्या आणि माणसांत वावरण्याच्या अडचणी होत्या, तरी साधारण पाचातल्या एकाला त्या कधीच जाणवल्या नाहीत. तो एक का सुटला, हे अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

म्हणून "काही होत नाही, प्रेम द्या, सगळं ठीक होईल" असं मी तिला म्हटलं नाही. आपल्याकडे दत्तकानंतर दर सहा महिन्यांनी घरभेट होते, ती दोन वर्षं. ही मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची असेल, पहिलीत जाण्याच्या बेतात. टिझार्डच्या अभ्यासातल्या मुलांच्या अडचणी वर्गात आणि मैत्रीत दिसल्या, म्हणजे नेमक्या त्यानंतर. इंग्लंडात दत्तक कुटुंबाला मूल मोठं होईपर्यंत मदत मागता येते. रांग लांब असते, निधी तुटपुंजा असतो, हे मी रोज पाहते. तरीही दार उघडं असतं. महाराष्ट्रात तान्हं बाळ मिळण्यासाठी वर्षानुवर्षं थांबणारी जोडपी आहेत आणि मोठ्या मुलांसाठी तयार होणारी घरं थोडी. मला वाटतं, तिथे दोन वर्षांची मुदत दहा केली, तर मोठ्या मुलांना हो म्हणणारी घरं वाढतील.

बहिणीला मी मुलीच्या फाइलमधली उंची-वजनं बाजूला ठेवायला सांगितलं. संस्थेत विचार, म्हटलं, पडल्यावर ती कुणाकडे धावते? सांभाळणाऱ्या मावश्या किती वेळा बदलल्या? अनोळखी पाहुणा आला तर ती लांब उभी राहते, की थेट मांडीवर चढून बसते? मांडीवर बसली तर हुरळून जाऊ नकोस. सगळेच सारखे वाटणारं मूल तसं करतं, आणि त्याला एकच माणूस ओळखायला वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मुलगी संस्थेत दहा महिन्यांची असताना आली. रात्रपाळीची एकच मावशी तेव्हापासून आजवर तिथे आहे. "ताई, त्या मावशी रविवारी सुट्टीवर असतात. त्या दिवशी ही रात्री जेवत नाही म्हणे. संस्थेच्या बाई ते तक्रारीसारखं सांगत होत्या."

तिने नाव राखून ठेवलं. त्या मावशींना पहिल्या आठवड्यात दोनदा घरी येऊ द्याल का, असं तिने संस्थेला विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.