बिलावरचा आकडा आणि वाटता येणारा नफा: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण पटला नाही. खरेदीचं बिल हा पुरावा असतो, भावांचा निर्देशांक हा अंदाज. अंदाजाने नफा काढायचा ठरवलं तर प्रत्येक जण हवा तसा काढेल. महागाईत विक्रीची किंमतही वाढतेच, मग हिशेब आपोआप जुळत नाही का? आणि ब्रिटनने चालू खर्चाची ही पद्धत आणली आणि काही वर्षांतच गुंडाळली. त्यातच सगळं आलं."

उत्तर:

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. लेखातलं म्हणणं असं होतं: मूळ खर्चाची पद्धत खर्च खरेदीच्या बिलावरून धरते, चालू खर्चाची पद्धत आजच्या भावाने, आणि महागाईत वाटता येणारा नफा दुसरीतूनच कळतो. सुरुवात विक्रीच्या किमतीपासून करतो, कारण घोळ तिथेच होतो. विक्री आजच्या भावाने नोंदली जाते, पण तिच्यासमोर खर्ची पडणारा माल काही महिन्यांपूर्वीच्या भावाचा असतो आणि यंत्राचा घसारा कित्येक वर्षांपूर्वीच्या भावाचा. म्हणजे किंमत वाढली की जमेची बाजू लगेच फुगते, खर्चाची मागेच राहते. मधल्या फरकाला मूळ खर्चाची पद्धत नफा म्हणते.

ब्रिटनचाच हिशेब मांडून पाहू. १९७५ साली तिथली महागाई २४ टक्क्यांच्या आसपास होती आणि त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या सँडिलँड्स समितीने चालू खर्चाची शिफारस केली. पुढे मार्च १९८० मध्ये एसएसएपी १६ हे हिशेबाचं मानक आलं. समजा, त्या काळातल्या एका कारखान्याचा व्याजापूर्वीचा नफा ४०,००० पौंड आहे.

आधी यंत्र. ते १,००,००० पौंडांना घेतलेलं, आयुष्य १० वर्षं, म्हणून वर्षाचा घसारा १०,०००. त्या प्रकारच्या यंत्रांचा निर्देशांक खरेदीच्या वेळी १०० होता, चालू वर्षाची सरासरी १६०. या वर्षात झिजलेल्या यंत्राची आजची किंमत म्हणून १६,००० होते. ६,००० पौंड घसारा कमी धरला गेला.

मग माल. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक ४४,००० (मालाच्या भावाचा निर्देशांक ११०), अखेरची ६५,००० (निर्देशांक १३०), वर्षाची सरासरी १२०. दोन्ही शिल्लका सरासरी भावावर आणल्या की ४८,००० आणि ६०,००० होतात. गोदामात माल खरोखर वाढला तो १२,०००चा. पुस्तकात मात्र वाढ दिसते २१,०००ची. उरलेले ९,००० हे तेवढ्याच मालाचा भाव चढल्याचे आहेत, आणि ते नफ्यात जाऊन बसलेत. विकलेल्या मालाच्या खर्चाची दुरुस्ती म्हणतात ती हीच. ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमेतून पुरवठादारांचं देणं वजा करून उरलेल्या रकमेलाही हाच नियम लागतो, कारण तेवढ्याच मालाची उधारी चालू ठेवायला आता जास्त पैसे अडकतात. आपल्या कारखान्यात ती रक्कम २२,००० वरून ३९,००० झाली. याच निर्देशांकांनी सरासरी भावावर आणली तर २४,००० आणि ३६,००० येते, म्हणजे दुरुस्ती ५,०००.

तिन्ही मिळून २०,०००. नफा ४०,००० वरून २०,००० वर येतो. कारखान्याचं एक चतुर्थांश भांडवल कर्जाऊ असेल, तर दुरुस्तीचा तेवढा वाटा कर्जदात्याच्या पैशातून भागतो असं धरून ५,००० परत जमा करतात. व्याज ६,००० वजा केलं की भागधारकांसाठी उरतात १९,०००. ८,००० कर भरला की ११,०००. मूळ खर्चाच्या पुस्तकात याच टप्प्याला २६,००० दिसतात. अशा वेळी संचालकांनी १५,००० लाभांश जाहीर केला तर तो भरपूर नफ्यातून दिल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यातले ४,००० पौंड धंदा आहे तेवढाच चालू ठेवायला लागणाऱ्या भांडवलातून गेले. पुढच्या वर्षी तेवढाच माल भरायला ओव्हरड्राफ्ट वाढवावा लागतो आणि नफ्यात असलेल्या कंपनीला रोकड का पुरत नाही, हे कोणाला उमगत नाही.

आता पुराव्याबद्दल. बिलाने खरेदीची रक्कम सिद्ध होते, या वर्षाचा खर्च सिद्ध होत नाही. यंत्र १० वर्षं चालेल हाही अंदाजच आहे आणि त्याच्यावर ऑडिटर आजही सही करतो. निर्देशांक तर कंपनीच्या हातातलाही नव्हता. चालू खर्चाच्या हिशेबासाठी लागणारे निर्देशांक ब्रिटनचं सेंट्रल स्टॅटिस्टिकल ऑफिस मुद्दाम वेगळे छापत असे. तपासायचं असेल तर निर्देशांक कोणत्या तारखेचा लावला ते तपासावं. अखेरची शिल्लक तीन महिन्यांच्या खरेदीची असेल तर तो माल सरासरी दीड महिन्यापूर्वी आलेला असतो. ३१ डिसेंबरला वर्ष संपत असेल तर निर्देशांक नोव्हेंबरच्या मध्याचा हवा. ३१ डिसेंबरचाच लावला तर मालाची खरी वाढ कमी दिसते आणि सुरुवातीच्या शिल्लकेची तारीख बरोबर असली तर दुरुस्ती फुगते. कापूस किंवा उसासारखी हंगामी खरेदी असेल तिथे ही सरासरीची रीत लावूच नये. माल कधी घेतला आणि कधी वापरला ते लॉटनिहाय पाहावं लागतं.

पद्धतीत खरे दोष आहेत, पण तुम्ही दाखवलेत ते नव्हेत. माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न मागे राहिलेल्या घसाऱ्याचा. चार वर्षं वापरलेल्या आपल्या यंत्राचा आजच्या भावाने एकूण घसारा ६४,००० व्हायला हवा. पण आधीच्या वर्षांत त्या त्या वेळच्या कमी भावाने आकारणी झालेली असते. ही तूट नफ्यातून घेत नाहीत, चालू खर्चाच्या राखीव निधीत वळती करतात, कारण ती या वर्षाच्या वापराची नाही. तर्क बरोबर आहे. मात्र त्यामुळे दहाव्या वर्षी नवं यंत्र घ्यायला पुरेल इतका नफा आपोआप बाजूला पडला असेल, असं समजू नये. दुसरी अडचण तंत्रज्ञानाची. जुनं यंत्र आता कोणी बनवतच नसेल तर निर्देशांक निरुपयोगी. नव्या यंत्राची किंमत घेऊन त्याची जास्तीची क्षमता आणि वाचणारी मजुरी त्यातून वजा करावी लागते. इथे मात्र तुम्ही म्हणता तशी मर्जीला जागा मिळते. कर्जाच्या वाट्याची दुरुस्ती किती धरावी, यावर तर जाणकारांतही एकमत झालं नाही.

ब्रिटनने ती सोडली, हे खरं. १९८५ मध्ये एसएसएपी १६ची सक्ती उठली आणि १९८८ मध्ये मानकच मागे घेतलं. पण त्याआधी, १९८३ पर्यंत, महागाई ५ टक्क्यांच्या आसपास उतरली होती आणि करखात्याने करासाठी चालू खर्चाचा नफा कधीच स्वीकारला नव्हता. करात काही वाचणार नाही, वर कमी नफा छापायचा आणि दोन पद्धतींनी हिशेब ठेवण्याचा खर्च सोसायचा, हे कंपन्यांना नको होतं. बऱ्याच जणांनी सक्ती असतानाच ते आकडे देणं बंद केलं. पण जिथे आकड्यावर दर ठरणार होता तिथे पद्धत टिकली. दूरसंचार कंपनी बीटीने आपलं जाळं इतर कंपन्यांना किती भाड्याने द्यावं हे ठरवताना नियामकाने चालू खर्चाचे हिशेब वापरले. तांब्याच्या जुन्या तारांची दशकांपूर्वीची किंमत धरून भाडं ठरवलं असतं, तर स्वतःचं जाळं टाकावं की बीटीचं वापरावं, याचा निर्णय नव्या कंपनीने चुकीच्या आकड्यावर घेतला असता.