पाच टक्के कशाचे आणि दहा टक्के कशाचे?

पोकरच्या कॅश गेममध्ये रेक, म्हणजे प्रत्येक डावात जमलेल्या पैशांतून (पॉटमधून) खेळ चालवणारा कापून घेतो तो वाटा, महाग पडतो असं मी लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: «कॅश गेमच्या रेकचा तुम्ही उगाच बाऊ केलाय. रेक ५ टक्के, तोही पॉट जिंकणाऱ्याच्या खिशातून. टूर्नामेंटला १०० + १० म्हणजे सरळ १० टक्के फी. मग महाग काय? शिवाय मी मोजकेच हात खेळतो, मला रेकचा फारसा फरक पडत नाही.»

फी तुमच्या प्रवेशरकमेवर एकदाच लागते. रेक तुमच्या बाय-इनवर लागत नाही, प्रत्येक पॉटवर लागतो. तेच पैसे टेबलावर फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीत त्यांतला थोडा भाग टेबलाबाहेर जातो. (तुमचे १० टक्केही तसे ९.१ आहेत, कारण तुम्ही एकूण ११० भरता. पण तो मुद्दा सोडून देऊ.)

सहा जणांचं टेबल घ्या, ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच टाकायच्या सक्तीच्या रकमा, १-२, रेक ५ टक्के. यातली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड, पुढचे आकडे त्यातच आहेत. बहुतेक ठिकाणी फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते, पडला नाही तर रेक घेत नाहीत. समजा, १०० डावांपैकी ६० डावांत फ्लॉप पडला आणि त्या पॉटची सरासरी १६ बिग ब्लाइंड निघाली. दर पॉटमागे ०.८ म्हणजे १०० डावांत टेबलावरून ४८ बिग ब्लाइंड गेले, माणशी ८. शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसलेल्याचे ३०० डावांत २४ गेले. टूर्नामेंटमध्ये तुम्ही २० डावांत बाद व्हा नाहीतर ४०० डाव टिका, फी तेवढीच राहते. आत गेल्यावर एकाही पॉटमधून काही कापलं जात नाही.

आता «जिंकणाराच भरतो» याबद्दल. कागदावर ते खरं आहे. पण दोन तोडीस तोड खेळाडू बसवा, दोघं प्रत्येक पॉटमध्ये १० बिग ब्लाइंड टाकतात. पॉट २०, रेक १. जिंकलात तर ९ मिळाले, हरलात तर १० गेले. वीस डावांत प्रत्येकाने दहा-दहा जिंकले की दोघंही १० बिग ब्लाइंडने खाली असतात. हरणाऱ्याच्या हातून रेक जात नाही, पण जिंकल्यावर त्याची भरपाई कमी होते.

मोजके हात खेळणाऱ्याचा रेक कमी जातो, हे मान्य. समजा, तुमचा ८ ऐवजी ६ जातो आणि रेकआधीची तुमची कमाई १०० डावांमागे ९ आहे. हातात राहतात ३. आता टेबल जरा कडक मिळालं आणि ९ चे ७ झाले. खेळातली घट साधारण २२ टक्के, पण हातात उरला १, म्हणजे नफ्याचे दोन-तृतीयांश गेले. रेक तुमच्या नफ्याकडे बघत नाही, तो वरून कापला जातो. म्हणूनच थोडं चुकलं तरी जिंकणारा खेळाडू तोट्यात जातो आणि त्याला वाटतं की पत्तेच वाईट येताहेत.

हे तपासायला डावाच्या नोंदीत बघा. बऱ्याच साइट्सवर अशी ओळ असते:

```
Total pot 40 | Rake 2
```

तुम्ही जिंकलेल्या डावांतला रेक बेरजेला घ्या आणि निव्वळ नफ्याशेजारी ठेवा. ट्रॅकरचा आलेख रेक कापून झाल्यावरचा असतो, त्यामुळे गळती त्यात दिसत नाही.

खेळावरही याचा परिणाम होतो. तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, एकाने २.५ पर्यंत वाढवलं, स्मॉल ब्लाइंडने हात टाकला. पॉटमध्ये ४ आहेत, कॉलला १.५ लागतात. रेक नसेल तर ५.५ च्या पॉटसाठी २७.३ टक्के इक्विटी, म्हणजे पॉटमधला सरासरी वाटा, पुरते. ५ टक्के कापल्यावर पॉट ५.२२ उरतो आणि गरज २८.७ होते. टूर्नामेंटमध्ये एका बिग ब्लाइंडचा अँटी, म्हणजे डावाआधी टाकायची जादा रक्कम, असेल तर पॉट ६.५ चा होतो, तिथे २३ पुरतात. अर्थात हे पुढे कोणी बेट न लावल्याचं गणित आहे, प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं. पण टूर्नामेंटमध्ये चालणारा किरकोळ सुटेड हात कॅशमध्ये नकोसा का होतो, ते यातून कळतं. त्याच कारणाने स्मॉल ब्लाइंडवरून कॉलपेक्षा थ्री-बेट, म्हणजे समोरच्याने वाढवल्यावर पुन्हा वाढवणं, बरी, कारण समोरच्याने तिथेच हात टाकला तर रेकच लागत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. टर्बोमध्ये ब्लाइंड झपाट्याने वाढतात, डाव कमी मिळतात, फी मात्र तशीच राहते. पुन्हा प्रवेश घेतलात की बहुतेक ठिकाणी ती दर वेळी नव्याने भरावी लागते. तीनदा प्रवेश घेणाऱ्याने ३० फी भरलेली असते, आणि एवढं करून शेवटी त्याच्याकडे एकच स्टॅक उरतो.