सात दिवसांनी तरुण

गेली चारपाच वर्षं मला सगळं जग काका म्हणतंय. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, लिफ्टमध्ये भेटणारी कॉलेजची पोरं म्हणतात. परवा बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीनेही "काका, थोडं बाजूला थांबता का?" असं म्हटलं आणि मी निमूट थांबलो. काका न म्हणणारं या देशात एकच खातं उरलंय, ते म्हणजे आयकर खातं. त्यांच्या लेखी मी तरुण आहे, आणि हे तारुण्य मला नुसत्या व्याजावर 3,332 रुपयांना पडलं.

गेलो होतो अगदी साध्या कामाला. विवरणपत्र भरायचं होतं, त्यासाठी बचत खात्याच्या व्याजाचं वर्षाचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मोबाइलवर दोन मिनिटांत मिळालंही होतं. 2024-25 सालचं एकूण व्याज 21,480 रुपये. एवढं व्याज पाहून आधी मी सुखावलो. बचत खात्यावर आपल्याला इतकं मिळतं? मग आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक उघडलं. ते म्हणे, बचत खात्याचं व्याज 5,460. माझ्या खात्याचं माझ्यापेक्षा सरकारला जास्त माहीत असतं हे मान्य, पण सोळा हजारांचा फरक?

म्हणून शाखेत गेलो. रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकची फाइल आणि फाइलला रबरबँड. वय अठ्ठ्याहत्तर, हे त्यांनीच दुसऱ्या वाक्यात सांगितलं. पहिलं वाक्य होतं, "कशाला आलात?"

मी सांगितलं. त्यांनी माझा कागद मागितलाही नाही, सरळ काढूनच घेतला.

"हे काय, स्वीप आहे तुमच्या खात्याला."

"म्हणजे?"

"अहो, पंचवीस हजारांच्या वर गेलं की बँक परस्पर मुदत ठेवीत टाकते. फॉर्मवर सही केली असेल तुम्ही. वाचलं नसेल."

वाचलं नव्हतंच. बँकेच्या फॉर्मवर जिथे फुली असते तिथे मी सही करतो, हा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. पण गृहस्थांचं खरं निघालं. कागदावर खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. बचत खातं 5,460, आणि निराळ्या खाते क्रमांकाने मुदत ठेव 16,020. दोन्हींची बेरीज करून बँकेने वर ठसठशीत अक्षरांत छापली होती. पैसे दिसतात बचत खात्यात, काढताही येतात बचत खात्यातून, पण व्याज मात्र मुदत ठेवीचं. आणि 80टीटीए कलमाची दहा हजारांपर्यंतची वजावट फक्त बचत खात्याच्या व्याजाला. मुदत ठेवीला नाही, आवर्त ठेवीलाही नाही. मी वरचा आकडा पाहून डोळे मिटून दहा हजार टाकणार होतो. टाकले असते तर पुढेमागे नोटिशीला उत्तर लिहीत बसलो असतो.

"बाकी कुठे खातं?" गृहस्थांनी चौकशी पुढे चालू ठेवली.

"सहकारी बँकेत एक आहे. तिथले 3,275."

"ते मिळवा. दहा हजार सगळ्या खात्यांचे मिळून असतात, दर खात्याला नाही. म्हणजे तुमचे झाले 8,735. तेवढीच वजावट. उरलेले बाराशे पासष्ट वाया." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू मी ताटात भात टाकून उठलो होतो. "आणि आधी पूर्ण व्याज इतर उत्पन्नात दाखवायचं हं. मग वजावट. लोक वजाबाकी मनातल्या मनात करतात आणि दाखवतच नाहीत. बचत खात्यावर बँक कर कापत नाही ना, मग वाटतं करच नाही."

मी त्या लोकांपैकीच होतो, पण बोललो नाही.

"आमचं बरं आहे," ते म्हणाले आणि रबरबँड सोडला. "आम्हाला 80टीटीबी. साठीनंतर. पन्नास हजारांपर्यंत, बचत असो की मुदत ठेव, सगळं एकत्र. तुमची जन्मतारीख काय?"

"7 एप्रिल 1965."

त्यांनी डोळे मिटले. हिशोब करत होते की श्रद्धांजली वाहत होते, कळलं नाही.

"सात दिवस! 31 मार्चपर्यंत साठ पूर्ण हवीत. अहो, निदान 1 एप्रिल असती तरी चाललं असतं. 1 एप्रिलवाल्याचं वय 31 मार्चलाच पूर्ण होतं, 2016 चं परिपत्रक आहे तसं."

इथे मला वडिलांची आठवण आली. माझ्या वर्गात निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना मास्तरच ती टाकत. आमच्या वडिलांनी मात्र मास्तरांशी वाद घालून खरी तारीख लावली आणि आयुष्यभर त्याचा अभिमान बाळगला. साठ वर्षांनी त्या सत्यवचनाचं बिल आलं. 16,020 रुपयांवर वीस टक्के, वर चार टक्के उपकर, म्हणजे 3,332. आठवडाभर आधी जन्मलो असतो तर सगळे 24,755 वजा झाले असते. एप्रिलअखेर कंपनीने "वय झालं" म्हणून हार घालून घरी पाठवलं, आणि त्याच वर्षी विवरणपत्र भरताना सरकार म्हणतं वय झालेलं नाही. दोघांनी आपसात बोलून एक काय ते ठरवावं.

मला राग आला होता. कायद्यावर येऊन उपयोग नसतो, म्हणून गृहस्थांवर आला. मी विचारलं, "तुम्ही विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरता? जुन्या की नव्या?"

"मुलगा भरतो. नवी म्हणाला वाटतं."

सापडले! "मग तुमचे पन्नास हजार गेले," मी नको इतक्या आनंदाने म्हणालो. "नव्या पद्धतीत ना 80टीटीए, ना 80टीटीबी. तुम्ही काही निवडलं नाही तर आपोआप नवीच लागते. मी घरकर्जामुळे मुद्दाम जुनी निवडतो."

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पण मुलगा म्हणाला कर शून्य आला. पेन्शन आणि व्याज मिळून सात लाखांच्या आतच आहे ना माझं. त्यात सूट मिळते म्हणे."

मिळते. 2024-25 ला नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत मिळते.

"मग तुम्हाला हे प्रमाणपत्र लागतं कशाला?"

"लागत नाही. विवरणपत्राला कागद जोडायचा नसतोच, तुम्हालाही नाही. विचारलं तर दाखवायला घरी ठेवायचा." त्यांनी फाइल पुन्हा बांधली. "पण इथला एसी चांगला आहे. आणि दर वर्षी शिक्का मारून घेतो मी, गोल."

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. "हं, कोण आहे पुढे? काका, या."

आम्ही दोघेही पुढे सरकलो.

"तुम्ही नाही," ती मला म्हणाली. "ज्येष्ठ नागरिक आधी."