पिक्सेलला डीपीआयने भागून कुंपणाचे खांब रोवू नका

«जमिनीचा नकाशा मोबाईलवर असेल तर मोजणीदाराची गरज नाही. फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये डीपीआय बघा. पिक्सेल भागिले डीपीआय गुणिले २.५४ म्हणजे कागदावरचे सेंटिमीटर. त्याला स्केलने गुणा, हद्दीची खरी लांबी मिळते. डीपीआय जितका जास्त तितकं माप अचूक. सर्वांना पाठवा.»

हे वाचून माझ्या मावसभावाने परवा कुंपणाचे खड्डे आखले, तेही शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये साडेसात मीटर आत. शेजारी चिडला नसता तरच नवल. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळा घोळ त्या «प्रॉपर्टीजमध्ये बघा» मध्ये आहे. तिथला डीपीआय, म्हणजे कागदाच्या एका इंचाला किती पिक्सेल हा आकडा, कोणी मोजलेला नसतो. फाईलवर लिहून ठेवलेला तो एक आकडा असतो, आणि चित्र लहान केलं तरी तो बरोबर बदलेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या फोटोंसाठीच्या एक्झिफ मानकात तर स्पष्ट लिहिलंय, की रिझोल्युशन माहीत नसेल तर ७२ नोंदवावं. म्हणजे फोनने काढलेल्या फोटोवर ७२ दिसलं, तर त्याचा साधा अर्थ «माहीत नाही» एवढाच. ते साहजिकही आहे, कारण फोन कागदापासून किती उंचीवर धरला होता हे फोनला कळत नाही. फाईलमध्ये आकडाच नसला की विंडोज बहुधा ९६ दाखवतं. तेही माप नव्हे.

भावाच्या नकाशाचंच गणित बघा. ए-फोर कागदावर १:५०० स्केलचा लेआउट आहे. प्लॉटची एक बाजू १८ मीटर, म्हणजे कागदावर ३६ मिलिमीटर. मूळ स्कॅन ३०० डीपीआयचा, त्यामुळे कागदाची लांब बाजू ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून येताना चित्र आकसलं आणि तीच बाजू १६०० पिक्सेल झाली. आता खरा डीपीआय सुमारे १३७ आहे आणि आपली १८ मीटरची बाजू १९४ पिक्सेल भरते. भावाच्या स्क्रीनवर मात्र `96 dpi` दिसत होतं. त्याने सूत्र बिनचूक वापरलं:

```
194 / 96 × 2.54 × 500 = 2566 cm
```

म्हणजे २५.६६ मीटर. ७२ धरलं तर हीच बाजू ३४ मीटरच्या वर जाते, ३०० धरलं तर जेमतेम सव्वाआठ. क्षेत्रफळात तर चूक वर्गाने वाढते. १८ बाय १२ चा, दोन गुंठ्यांहून किंचित मोठा प्लॉट या हिशेबाने सव्वाचार गुंठ्यांच्या पुढे गेला. आणि नकाशावर त्या रेषेला लागूनच «१८.००» असं छापलेलं आहे! ते कोणी वाचायचं?

सूत्र चुकीचं नाही, एवढं मान्य करतो. काचेच्या स्कॅनरवर तुम्ही स्वतः ३०० डीपीआय लावून स्कॅन केलं, फाईल लहान केली नाही आणि कागद मूळ असेल, तर उत्तर जवळपास बरोबर येतं. पण मूळच हवं. ए-थ्रीची झेरॉक्स ए-फोरवर काढली की रेषा सुमारे ७१ टक्के होतात. कोपऱ्यात छापलेलं १:५०० मात्र तसंच राहतं, खरं स्केल १:७०७ झालेलं असतं.

जास्त डीपीआयबद्दल थोडक्यात. नकाशावरची रेषाच ०.३ मिलिमीटर जाड असेल, तर १:५०० ला ती जमिनीवर १५ सेंटिमीटर होते. ६०० डीपीआयला त्या जाडीत सातेक पिक्सेल बसतील, पण हद्द त्यातल्या कुठल्या पिक्सेलवर आहे हे स्कॅनर सांगू शकत नाही.

डीपीआयचा नाद सोडून करायचं ते असं. नकाशावर लिहिलेलं एक माप धरा आणि त्याच रेषेचे पिक्सेल मोजा. इथे १८ मीटरला १९४ पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला ९.२८ सेंटिमीटर. आता दुसरी, आडवी बाजू मोजा. ती १२९ पिक्सेल भरली, म्हणजे ११.९७ मीटर, आणि नकाशावर १२.०० लिहिलंय. जुळलं. उभ्या-आडव्यात मोठा फरक आला, तर फोटो तिरका काढलाय किंवा चित्र एका बाजूने ताणलं गेलंय असं समजा आणि ते चित्र बाजूला ठेवा. मापं लिहिलेलीच नसतील तर नकाशाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून पुन्हा स्कॅन करा, एकदा उभी आणि एकदा आडवी. त्यातून कागदावरची लांबी तरी खरी कळेल.

पण इतकं करूनही मिळते ती बाजूची लांबी. ती बाजू जमिनीवर कुठून सुरू होते, हे चित्रातल्या पिक्सेलवरून कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो. भावाने काल तो केलाय, आणि खड्डे बुजवलेत.