रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंगमध्ये नोंद कसली?

«रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंगमध्ये राउटर आधी येऊन गेलेल्या प्रत्येक पॅकेटची नोंद ठेवतो, त्यामुळे नेटवर्कवर एकही जादा प्रत जात नाही. साध्या फ्लडिंगला टीटीएल लावला तरी तेच साधते.»

हा मजकूर परीक्षेच्या तोंडावर माझ्या भाचीच्या वहीत उतरलेला पाहिला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

एक पॅकेट नेटवर्कवरील सर्व राउटरपर्यंत पोहोचवण्याची, म्हणजे ब्रॉडकास्टची, ही पद्धत योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७८ साली मांडली, आणि तीत राउटरला आधी आलेली पॅकेटे लक्षात ठेवावी लागत नाहीत. पॅकेट ज्या लिंकवरून आले, त्याच लिंकवरून आपण मूळ प्रेषकाकडे पॅकेट पाठवले असते का, एवढेच राउटर आपल्या राउटिंग टेबलात पाहतो. उत्तर होकारार्थी असेल तर बाकीच्या सर्व लिंकवर प्रती पाठवतो, नाहीतर पॅकेट टाकून देतो.

मुख्य घोटाळा «एकही जादा प्रत नाही» या शब्दांत आहे, कारण ही तपासणी पॅकेट घेणारा करतो, म्हणजे प्रत लिंकवरून येऊन गेल्यानंतर. अ, ब, क, ड असे चार राउटर घ्या; लिंक अ-ब, अ-क, ब-क, ब-ड आणि क-ड, सर्वांचा खर्च सारखा, आणि ड हा अ कडे ब मार्गे जातो. अ ने ब्रॉडकास्ट केल्यावर अ, ब आणि क प्रत्येकी दोन प्रती पाठवतात आणि ड एक. तीन प्रतींत भागणाऱ्या कामाला सात लागल्या. ब आणि क यांनी एकमेकांना पाठवलेल्या प्रती तर दोघांनीही टाकून दिल्या. प्रेषकाकडे जाताना आपण कोणामार्फत जातो हे राउटरांनी शेजाऱ्यांना आधीच कळवले, तर या सात प्रतींच्या तीन होतात, पण ती त्याच पद्धतीची विस्तारित आवृत्ती आहे.

टेबल बदलत असताना तर आणखी वाईट घडते. ब कडून प्रत आली तेव्हा ड चे टेबल क कडे बोट दाखवत होते आणि क ची प्रत पोहोचेपर्यंत ते ब कडे वळले, तर ड दोन्ही प्रती टाकतो आणि त्याला पॅकेट मिळतच नाही. बदल उलट क्रमाने झाला तर तेच पॅकेट तो दोनदा स्वीकारतो. खरोखर नोंद असती तर यांपैकी काहीच झाले नसते.

टीटीएल म्हणजे पॅकेटने किती टप्पे जावे याची मर्यादा; त्याबद्दल अर्धे खरे आहे, हे मान्य करतो: प्रती कधीतरी मरतात. पण साध्या फ्लडिंगमध्ये प्रत्येक राउटर आलेले पॅकेट काही न तपासता बाकीच्या सर्व लिंकवर पाठवतो; वरच्याच जाळ्यात टीटीएल चार ठेवला, तर फेऱ्यांगणिक २, ४, ६ आणि ८ अशा वीस प्रती लिंकवरून जातात.

नोंद ठेवणारी पद्धत वेगळी आहे: अनुक्रमांकांवर चालणारे फ्लडिंग. ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल लिंकची माहिती त्याच मार्गाने पसरवतो, कारण राउटिंग टेबल अजून त्या माहितीवरूनच बनायचे असते.